बिलावरचं नाव : पतीच्या माघारी वीजजोडणी नावावर करून घेण्याच्या एका अर्जाचं प्रकरण

वहिनींनी पिशवीतून काढलेला कागद वहीच्या मधल्या पानाचा होता, दोन्ही बाजूंनी भरलेला. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात कुणाला अर्ज लिहायचा असला की लोक माझ्याकडे येतात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हे काम मी आपुलकीने करतो. पण हा अर्ज वहिनींनी स्वतः लिहिला होता, आणि तो घेऊन त्या तालुक्याच्या वीज कार्यालयात जाऊनही आल्या होत्या. खिडकीवर अर्ज वाचून झाल्यावर त्यांना एवढंच सांगितलं गेलं, "वारस दाखला आणा, मग बघू." अर्ज ठेवून घेतला नाही, आवक क्रमांक दिला नाही, कशावर सही केली नाही. म्हणजे कार्यालयाच्या लेखी त्या तिथं गेल्याच नव्हत्या.

त्यांचे यजमान जानेवारीत गेले. मार्चअखेरपर्यंत दोन बिलं थकली. बिल भरण्याचं काम कायम त्यांच्याकडे होतं, ते गेल्यावर कागद फडताळात साचत गेले. मग जोडणी तोडण्याची नोटीस आली आणि वहिनी घाबरल्या. तोवर बिलावरचं नाव बदलायला हवं हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

त्या पहिल्या अर्जातला मजकूर मी इथं थोडक्यात देतो, कारण असे अर्ज मी बरेच पाहिलेत. "माझे पती आजाराने वारले. घरात कमावते कोणी नाही. मुलगा पुण्यात कंत्राटावर आहे. मीटर जोरात फिरतो, बिल जास्त येते, वायरमन लक्ष देत नाहीत. तरी मेहेरबान साहेबांनी दया करून लाईट माझ्या नावावर करावी, बिल कमी करावे व पडवीत शिलाई मशीनसाठी वेगळे मीटर द्यावे, ही नम्र विनंती." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण अख्ख्या कागदावर ग्राहक क्रमांक कुठेही नव्हता. मागण्या मात्र तीन होत्या, आणि त्या तीन वेगवेगळ्या टेबलांवर जातात. नावबदल बिलिंगकडे जातो. मीटर जोरात फिरतो ही तक्रार मीटर तपासणीची, तिला वेगळा अर्ज आणि वेगळं शुल्क लागतं. दुसरं मीटर म्हणजे नवी जोडणी. असा अर्ज ज्याच्या हाती पडतो त्याला तो कोणत्या फायलीत लावावा हेच कळत नाही, आणि मग तो परत करण्याचा सोपा मार्ग निवडला जातो.

मशीनचा विषय आम्ही तिथंच मिटवला. घराच्या एका भागात छोटा व्यवसाय चालतो आणि वापर महिन्याला 300 युनिटच्या आत राहतो, तेव्हा घरगुती दरच लागू ठेवण्याची तरतूद राज्याच्या वीजदर आदेशात आहे. वहिनींचा वापर सत्तर-ऐंशी युनिटच्या पुढे जात नाही. एका शिलाई मशीनसाठी वेगळं मीटर मागायचं कारणच नव्हतं. मीटर तपासणीही पुढे ढकलली. आता एकच मागणी करायची होती : बिलावरचं नाव.

त्यासाठी नियम काय म्हणतो ते आधी पाहू. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाची 2021ची वीज पुरवठा संहिता आहे, तिच्या आधी 2005ची होती. दोन्हींत नावबदलाची चौकट तीच आहे. ग्राहकाचं निधन झालं, किंवा जागेचा मालक वा ताबेदार बदलला, तर जोडणी दुसऱ्याच्या नावे करता येते. आधीच्या ग्राहकाचं संमतीपत्र असेल तर काम सरळ होतं. इथं आधीचा ग्राहकच हयात नाही, तेव्हा संमतीपत्राचा प्रश्न येत नाही. अशा वेळी नियम जागेबाबतच्या काही कागदांची नावं देतो आणि त्यांपैकी कोणताही एक पुरेसा मानतो : मालकीचा पुरावा, वाटणीपत्र, नोंदणीकृत दस्त किंवा वारसा प्रमाणपत्र. कोणताही एक, हे शब्द वहिनींना मी दोनदा वाचून दाखवले. खिडकीवर त्यांना यादीतला सगळ्यात अवघड कागद सांगितला गेला होता, आणि तोच एक चालतो असं त्या समजून बसल्या होत्या.

वारस दाखल्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या एका शब्दापाशी कित्येक अर्ज वर्षानुवर्षं अडून राहतात. खेड्यात 'वारस दाखला' म्हटलं की कुणाला तलाठ्याकडचा फेरफार वाटतो, कुणाला ग्रामपंचायतीचा दाखला, कुणाला कोर्टाचा हुकूम. कोर्टाचं वारस प्रमाणपत्र आपल्याकडे 1827च्या मुंबई विनियमाखाली दिवाणी न्यायालयातून मिळतं. त्यात जाहीर नोटीस निघते, हरकतींसाठी मुदत जाते, वकिलाची फी लागते, आणि काही महिने सहज जातात. बँकेतल्या ठेवी आणि येणं यांसाठी 1925च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचं उत्तराधिकार प्रमाणपत्र असतं, ते आणखी वेगळं. घरच्या दिव्याच्या बिलावर नाव लावायला एवढं सगळं करण्याची गरज साधारणपणे पडत नाही. घराची नोंद वारसांच्या नावे झाली की तो जागेच्या मालकीचा कागद होतो. आमच्या सगळ्या कामाचा पाया तोच ठरला.

घर गावठाणातलं होतं, त्यामुळे सातबाऱ्याशी संबंध नव्हता. नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर 8ला, म्हणजे घरपट्टीच्या आकारणी नोंदवहीत, यजमानांच्या नावे होती. एप्रिलमध्ये आम्ही ग्रामसेवकांकडे वारस नोंदीचा अर्ज दिला, सोबत मृत्यूचा दाखला आणि घरपट्टी भरल्याची पावती जोडली. मे महिन्याच्या मासिक सभेत ठराव झाला आणि उताऱ्यावर चार नावं लागली : सासूबाई, वहिनी, मुलगा आणि लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी.

सासूबाईंचं नाव पाहून वहिनी चमकल्या. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर त्याची आई, बायको, मुलगे आणि मुली हे सगळे पहिल्या वर्गातले वारस असतात, आणि प्रत्येकाचा हिस्सा सारखा. आईला वगळून चालत नाही, सासरी गेलेल्या लेकीलाही नाही. कित्येक अर्जांत फक्त बायको आणि मुलाचं नाव घालतात. पुढे कुणी दीर किंवा नणंद कार्यालयात जाऊन हरकत घेते आणि प्रकरण लोंबकळत पडतं. खिडकीवरचा माणूस कोर्टाचा दाखला मागतो तो बहुधा याच भीतीने. उद्या घरातलंच कुणी उभं राहून "आमच्या परवानगीशिवाय नाव कसं बदललंत" असं विचारेल, याची त्याला धास्ती असते. ती धास्ती अर्जानेच काढून टाकली, तर दाखल्याचा आग्रह बराच सैल होतो.

म्हणून बाकीच्या तीन वारसांची ना-हरकत घ्यायची ठरली. मुलगा आणि मुलगी दोघंही लगेच तयार झाले. खरा प्रश्न सासूबाईंचा होता.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्या पडवीत बसून तांदूळ निवडत होत्या. कागद ऐकवायला घेतला तसा त्यांनी सुपातला हात थांबवला. "गुरुजी, पोराचं नाव घरातनं पुसायला निघालाय व्हय तुम्ही?" म्हणाल्या. मी समजावलं, की बिलावरच्या नावाला घराच्या मालकीशी काही देणंघेणं नाही. त्यांचा विश्वास बसेना. थोड्या वेळाने मनातलं बोलल्या, "आज लाईट तिच्या नावावर, उद्या घर तिच्या नावावर. मग मी कुठं जायचं?"

हा प्रश्न मला हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही, आजही वाटत नाही. वीजबिल हा मालकीचा पुरावा नव्हे हे कायद्याने खरं आहे. पण ते एका म्हातारीला तोंडी सांगून भागत नाही. तिच्या हाती कागद असायला हवा. मी तिथंच ना-हरकत पत्रात एक वाक्य वाढवलं : "ही ना-हरकत केवळ वीजजोडणीवरील ग्राहकाच्या नावापुरती असून घराच्या मालकीतील माझ्या हिश्श्याशी व हक्काशी तिचा कोणताही संबंध नाही." ते दोनदा वाचून दाखवलं. पत्राची एक प्रत त्यांच्या ट्रंकेत ठेवायची असंही ठरलं. मग त्यांनी अंगठा दिला. शेजारच्या दोघांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या, आणि मजकूर वाचून दाखवल्याचं लिहून खाली मीही सही केली. त्या एका वाक्याने कार्यालयाचं काही बिघडलं नाही आणि सासू-सुनेच्या मधली गाठ सुटली. तेव्हापासून ना-हरकत पत्रात हे वाक्य मी घालतोच.

ना-हरकत कोणत्या कागदावर हवी, साध्या की स्टॅम्प पेपरवर, आणि कंपनीच्या छापील नमुन्यातलं हमीपत्र लागतं का, हे आधी कार्यालयात विचारून घेतलं. स्टॅम्प पेपर आधीच आणून ठेवला आणि कार्यालयाला दुसरा नमुना हवा होता, असं झालं तर पैसे वाया जातात. लिहिलेला अर्ज हा छापील फॉर्मला पर्याय नसतो, हेही लक्षात असू द्यावं. फॉर्म भरायचाच असतो. पण फॉर्मच्या रकान्यांत प्रकरण मावत नाही, आणि पुढे तक्रार करायची वेळ आली तर उपयोगी पडतो तो अर्जच.

दरम्यान आणखी एक अडचण पुढे आली. बिलावर यजमानांचं नाव घरच्या हाकेचं होतं आणि मृत्यूच्या दाखल्यावर कागदोपत्री. नावं बदलून सांगायचं तर बिलावर 'दत्तू' आणि दाखल्यावर 'दत्तात्रय'. वीस-बावीस वर्षांपूर्वी जोडणी घेताना कुणी काय सांगितलं आणि कुणी काय लिहून घेतलं, हे आता कोण सांगणार? घरच्यांना यात काही वावगं दिसत नाही, कार्यालयाला मात्र ही दोन माणसं वाटतात. असा फरक लपवू नये. अर्जातच सांगून टाकावा आणि दोन्ही नावं जोडणारा एखादा जुना कागद लावावा. इथं घरपट्टीची जुनी पावती कामाला आली. तिच्यावर पूर्ण नाव होतं आणि पुढे 'ऊर्फ' लिहून घरचं नावही. असा कागद नसता तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं असतं. मृत्यूच्या दाखल्यावरच चूक असेल, तर ती आधी जन्म-मृत्यू निबंधकाकडून दुरुस्त करून घ्यावी. पुढे बँक, विमा, पेन्शन सगळीकडे तोच दाखला लागतो.

थकलेली दोन बिलं अर्जाआधी भरली. वहिनींना कुणीतरी सांगितलं होतं, की गेलेल्या माणसाची थकबाकी कंपनीला मागता येत नाही. ते खरं नाही. ग्राहकाच्या निधनानंतर त्याची बाकी त्या जागेवरचा बोजा म्हणून वारसांकडे येते. उलट, जागा विकत घेणाऱ्या परक्या माणसावर जास्तीत जास्त सहा महिन्यांचीच बाकी लादता येते, पण ही सवलत कायदेशीर वारसाला नाही. म्हणून थांबून फायदा काही नव्हता. जोडणी तोडण्याची भीती मात्र होती, कारण वीज कायदा, 2003च्या कलम 56प्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस देऊन थकबाकीसाठी वीज तोडता येते. भरल्याची पावती अर्जाला जोडली, तशी बाकीचा मुद्दाच उरला नाही.

आता तो अर्ज. नावं आणि क्रमांक काढून टाकले आहेत, बाकी मजकूर दिला तसाच आहे.

दिनांक : 3 जून

प्रति,
मा. उपकार्यकारी अभियंता,
........ उपविभाग कार्यालय.

विषय : पतीच्या निधनामुळे घरगुती वीजजोडणी माझ्या नावे करण्याबाबत.

संदर्भ : ग्राहक क्रमांक ............ , बिलिंग युनिट .... , मीटर क्रमांक ........

महोदय,

वरील क्रमांकाची घरगुती वीजजोडणी माझे पती कै. ............ यांच्या नावे आहे. त्यांचे दि. ........ रोजी निधन झाले. मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडली आहे. वीजबिलावरील नाव व दाखल्यावरील नाव यांत फरक असला तरी ती एकाच व्यक्तीची नावे आहेत. त्याचा पुरावा म्हणून दोन्ही नावे असलेली घरपट्टीची जुनी पावती सोबत आहे.

मी त्यांची पत्नी असून याच घरात राहते. घराची नोंद ग्रामपंचायत नमुना नं. 8 मध्ये सर्व वारसांच्या नावे झाली आहे. त्या उताऱ्यावरील इतर तिन्ही वारसांची, म्हणजे सासूबाई, मुलगा व मुलगी यांची, लेखी ना-हरकत सोबत जोडली आहे. यांव्यतिरिक्त अन्य वारस नाही.

दि. ........ पर्यंतचे सर्व वीजबिल भरले असून पावती सोबत आहे. विजेचा वापर घरगुतीच राहील. मंजूर भार, मीटर किंवा जागा यांत कोणताही बदल मी मागत नाही.

तरी ही जोडणी माझ्या, म्हणजे श्रीमती ............ यांच्या, नावे करावी. जोडणीवर जमा असलेली सुरक्षा ठेव माझ्या नावे वर्ग करावी. नोंदवलेला जुना मोबाईल क्रमांक काढून माझा क्रमांक .......... नोंदवावा.

नावबदलासाठीचे शुल्क भरण्यास मी तयार आहे. काही कागद कमी असल्यास कोणता, ते कृपया लेखी कळवावे. अर्ज नामंजूर करायचा झाल्यास माझे म्हणणे ऐकून घेऊन कारणे लेखी द्यावीत, ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही)

सोबत : मृत्यूचा दाखला, शेवटचे वीजबिल व पावती, नमुना नं. 8 चा उतारा, जुनी घरपट्टी पावती, तीन ना-हरकत पत्रे, अर्जदाराचे आधार कार्ड.

हा अर्ज एका पानात बसतो. त्यातल्या काही ओळी तशा का लिहिल्या, ते सांगतो.

संदर्भात ग्राहक क्रमांक सगळ्यात आधी, कारण कार्यालयातला संगणक नावाने नव्हे, त्या बारा अंकांनी उघडतो. बिलिंग युनिटही बिलावरच छापलेलं असतं, तेही लिहावं. बिलाची झेरॉक्स जोडली म्हणून क्रमांक अर्जात घालायचा राहू देऊ नये. फायलीतून कागद सुटे होतात, आणि मग नुसता अर्ज हाती आलेल्या माणसाला तो कुणाचा ते समजत नाही.

"मंजूर भार, मीटर किंवा जागा यांत कोणताही बदल मी मागत नाही" ही ओळ वाचताना उगीचची वाटेल. पण नावबदलाच्या अर्जामागे आणखी काही दडलंय का, अशी शंका कार्यालयात येतेच. कुणी त्याच निमित्ताने मीटर हलवून घ्यायला बघतं, कुणी भार वाढवून. ही ओळ असली की काम फक्त बिलिंगच्या टेबलावर राहतं. वहिनींच्या मनातली भीतीही तिने गेली. नाव बदलताना जुनं मीटर काढून नेतील आणि नव्या मीटरचे पैसे मागतील, असं त्यांना वाटत होतं. नावबदलात मीटर तेच राहतं.

सुरक्षा ठेवीची ओळ मी स्वतःहून घातली. जोडणी घेताना भरलेली आणि पुढे बिलांतून वाढत गेलेली ही रक्कम प्रत्येक बिलावर छापलेली असते, पण घरोघर कुणी तिच्याकडे बघत नाही. दर वर्षी तिच्यावर व्याज लागतं आणि ते बिलात वजा होतं. वहिनींच्या बिलावर 1,140 रुपये होते. नाव बदलताना ती ठेव नव्या नावाखाली दिसली पाहिजे. नाहीतर नव्याने ठेव मागितली जाण्याची शक्यता उरते, आणि जुनी रक्कम गेलेल्या माणसाच्या नावावर अडकून पडते. अर्जाच्या दिवशीचं बिल जपून ठेवावं म्हणजे आकडा ताडून पाहता येतो.

मोबाईलची गोष्ट तर आम्हाला उशिराच कळली. जोडणीला नोंदवलेला क्रमांक यजमानांचा होता. ते गेल्यावर त्या सिमला रिचार्ज कुणी केला नाही, आणि ते बंद पडलं. बिल आल्याचा, वीज बंद राहणार असल्याचा आणि थकबाकीचा संदेश, सगळं त्याच बंद फोनवर जात होतं. नोटीस अंगावर येईपर्यंत काही समजलं नाही, ते यामुळेच. नावबदल ऑनलाइनही करता येतो, पण नोंदवलेल्या क्रमांकावर ओटीपी येतो, आणि तो क्रमांकच बंद असेल तर गाडी पहिल्याच पायरीवर थांबते. म्हणून गेलेल्या माणसाचं सिम निदान चार-सहा महिने चालू ठेवावं. रिचार्जचे थोडे पैसे जातात, पण बँक, गॅस आणि वीज या तिन्ही ठिकाणी त्याचा उपयोग होतो.

शेवटच्या दोन ओळी मात्र सगळ्यात महत्त्वाच्या. नकार द्यायचा असेल तर अर्जदाराचं म्हणणं ऐकून घ्यायचं आणि कारणं लेखी द्यायची, हे नियमातच आहे. अर्जावरचा निर्णयही अर्जाच्या तारखेपासून दुसरं बिलिंग चक्र संपायच्या आत कळवायचा असतो. म्हणजे साधारण दोन बिलांचा काळ. पण हा काळ मोजायचा कुठून? आवक क्रमांकाच्या तारखेपासून. पहिल्यांदा वहिनी गेल्या तेव्हा आवक झाली नाही, म्हणून तो हेलपाटा मोजलाच गेला नाही.

या वेळी आम्ही अर्जाच्या दोन प्रती नेल्या. खिडकीवर तोच माणूस होता. कागद चाळून तो म्हणाला, "वारस दाखला कुठाय?" वहिनींचा चेहरा उतरला. मी त्यांना गप्प राहायची खूण केली आणि फक्त एवढंच म्हणालो, "नमुना आठचा उतारा आहे, तिघांची ना-हरकत आहे. दाखला लागतोच असं असेल तर आवक करून घ्या आणि कमी कागद म्हणून लेखी कळवा. आम्ही आणून देऊ." वाद घातला नाही, नियमाचं पुस्तक काढलं नाही. तो थोडा वेळ कागद बघत राहिला, मग आत घेऊन गेला. साहेबांनी ना-हरकत पत्रं वाचली, सासूबाईंच्या पत्रातलं ते मालकीबद्दलचं वाक्य वाचलं, आणि शेरा मारून कागद बाहेर पाठवला. छापील फॉर्म भरला, शुल्क भरलं, पावती घेतली. आमच्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख आली. घरी आल्यावर वहिनींनी ती प्रत यजमानांच्या फोटोमागे ठेवली.

समजा त्या दिवशीही अर्ज घेतला नसता, तर तो पोस्टाने पाठवून पोच ठेवायची असं ठरलं होतं. दोन बिलं उलटून गेल्यावरही उत्तर नसतं, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे तक्रार करता येते. वीज कायद्याच्या कलम 42खाली प्रत्येक वितरण कंपनीला असा मंच ठेवावा लागतो. तिथल्या निकालाने समाधान झालं नाही तर पुढे विद्युत लोकपाल आहेत, आपल्या राज्यात मुंबई आणि नागपूरला. तक्रारीसाठी वकील लावावा लागत नाही. पण तिथंही पहिला प्रश्न हाच विचारला जातो : अर्ज कधी दिला, पोच कुठाय?

या प्रकरणाला एक मर्यादाही होती, ती सांगायला हवी. सगळे वारस एकमताचे होते म्हणून ते इतकं सरळ गेलं. एखाद्या वारसाने ना-हरकत द्यायला नकार दिला असता, किंवा यजमानांना आधीच्या लग्नाची मुलं असती, किंवा घराची नोंदच आजोबांच्या नावे राहिली असती, तर हा कागद पुरला नसता. तेव्हा वारसा प्रमाणपत्राची वाट धरावी लागली असती, किंवा आधी घराची नोंद सरळ करावी लागली असती. तोवर बिल नियमित भरत राहायचं आणि पावत्या जपायच्या. नाव बदललं नाही म्हणून चालू वीज तोडता येत नाही, बिल थकलं तर मात्र तोडता येते.

जुलैचं बिल जुन्याच नावाने आलं. वहिनी तेच हातात घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं, काम फसलं. मी म्हणालो, हे पहिलं चक्र, अजून एक बाकी आहे. मध्ये एकदा वायरमन येऊन मीटरचा क्रमांक पाहून गेला आणि मीटरचा फोटो काढून नेला. ऑगस्टच्या बिलावर वहिनींचं नाव आलं. आम्ही बसून ते जुन्या बिलाशेजारी ठेवलं आणि एकेक ओळ पडताळली. ग्राहक क्रमांक तोच, मीटर तोच, मंजूर भार तोच, मागची बाकी शून्य, सुरक्षा ठेव 1,140. नावात मात्र एक काना सुटला होता. तो लगेच दुरुस्त करायला दिला, कारण पुढे हेच बिल पत्त्याचा पुरावा म्हणून लागतं. मुलाला छतावर सोलर बसवायचं आहे. त्याच्या सरकारी अनुदानाच्या अर्जालाही याच जोडणीचा ग्राहक क्रमांक लागणार.

जुनं बिल सासूबाईंनी मागून घेतलं आणि ना-हरकतीच्या प्रतीबरोबर ट्रंकेत ठेवलं. त्यांना ते का हवंय, हे कुणी विचारलं नाही.

सप्टेंबरात एके दिवशी वहिनींच्या फोनवर पहिला संदेश आला : देखभालीच्या कामासाठी गुरुवारी सकाळी नऊ ते दुपारी दोन वीज बंद राहील. त्यांनी तो मला आणून दाखवला, खरा आहे ना म्हणून. खरा होता. बुधवारी संध्याकाळीच त्यांनी मोटर लावून टाकी भरून ठेवली.